चारचा गजर नको: रात्री दोनला झोपणाऱ्या मुलाची झोप दिवाळीच्या सुट्टीत अलीकडे कशी आणायची

“मॅडम, रातभर मोबाईल बघत पडायलाय आन् सकाळी उठंना झालाय. चारला उठवून बघितलं, तोंडावर पाणी मारून बघितलं. दोन दिवस उठला, तिसऱ्या दिवशी तर पार तीनला झोपला.”

औसा तालुक्यातले वडील बोलत होते. मुलगा सोळा वर्षांचा, अकरावी सायन्सला. आई त्याच्यासाठी लातुरात खोली करून राहते, वडील गावाकडं शेती बघतात. लातुरात अशी घरं गल्लोगल्ली सापडतील. क्लास सकाळी साडेसातला. पोराला साडेसहाला ओढून उठवायचं, तो क्लासमध्ये पेंगणार, दुपारी खोलीवर येऊन पाच ते सात गाढ झोपणार, मग रात्री आठला आईच्या हातचा कडक चहा आणि नंतर दोन-सव्वादोनपर्यंत आधी अभ्यासाचे व्हिडिओ, मग रील्स, मग मित्रांबरोबर गेम. रविवारी उठायची वेळ पावणेअकरा.

या घराबरोबर जे केलं तेच इथं क्रमानं सांगते. मूल तेरा ते अठराच्या दरम्यानचं असेल आणि फक्त झोपेची वेळ पुढं सरकलेली असेल, तर बहुतेक घरांत हेच लागू पडतं.

चारला उठवून काय बिघडलं

वयात येताना शरीराचं घड्याळ आपोआप तास-दोन तास पुढं सरकतं. झोप आणणारं मेलाटोनिन रात्री उशिरा वाढायला लागतं, आणि दिवसभराचा शिणवठाही लहान मुलांइतका भराभर साचत नाही. म्हणून दहा वाजता अंथरुणावर टाकलेला मुलगा टक्क जागा असतो, तेव्हा तो दरवेळी नाटक करत नसतो. त्यात हे घड्याळ बहुतेकांचं चोवीस तासांपेक्षा किंचित लांब असतं. उशिराकडं घसरणं सोपं, अलीकडं येणं जड.

घड्याळ सरकवायचं सगळ्यात मोठं हत्यार म्हणजे उजेड. पण त्याला दोन धारा आहेत. माणूस कुणी न उठवता ज्या वेळी जागा होतो, त्याच्या साधारण दोन-तीन तास आधी अंगाचं तापमान सगळ्यात खाली असतं. त्या क्षणाला मी शरीराची मध्यरात्र म्हणते. त्यानंतर डोळ्यांवर पडलेला उजेड झोप अलीकडं ओढतो, आणि त्याच्या आधी पडलेला उजेड झोप पुढं ढकलतो.

आता या मुलाचा हिशेब करा. रविवारी तो पावणेअकराला आपोआप उठतो, म्हणजे त्याच्या शरीराची मध्यरात्र सकाळी आठच्या आसपास. (रविवारी थकवाही भरून निघत असतो, म्हणून हा अंदाज अर्धा-एक तास इकडं-तिकडं धरावा.) वडिलांनी त्याला चारला उठवून ट्यूबलाइटखाली बसवला. घरातल्या घड्याळात ती पहाट होती, पोराच्या अंगात मात्र ती संध्याकाळच होती. झोप आणखी पुढं गेली, यात नवल काहीच नाही. आजोबांना ब्राह्ममुहूर्ताचं फार कौतुक, त्यांना हे पटवायला मला अर्धा तास लागला.

म्हणून पहिला नियम असा: जिथं झोप आज आहे तिथून सुरुवात करायची. जिथं हवी आहे तिथून नाही.

पहिला आठवडा फक्त नोंद

काही बदलायचं नाही. कॅलेंडरचं जुनं पान घ्या आणि मागच्या कोऱ्या बाजूला रोज सकाळी मुलानं स्वतः लिहायचं: फोन कधी ठेवला, दिवा कधी बंद केला, अंदाजे झोप कधी लागली, जाग कधी आली, दिवसा किती झोपला, चहा कधी-कधी घेतला. रात्री घड्याळ बघत बसायचं नाही, सकाळी अंदाजच लिहायचा. फोन ठेवल्याची वेळ पोरं हमखास अलीकडची लिहितात. अँड्रॉइड फोनच्या सेटिंग्जमध्ये Digital Wellbeing उघडलं की खरा वापर दिसतो, पण तो पोलिसासारखा तपासू नका, मुलालाच उघडून बघू द्या. आमच्या या मुलानं स्वतःच सांगितलं, “मला वाटलं साडेबारालाच ठेवला हुता.” फोन एक पन्नासपर्यंत चालू होता.

आठवड्याच्या शेवटी दोन आकडे काढा: सरासरी झोप कधी लागते, आणि सुट्टीच्या दिवशी आपोआप जाग कधी येते. याचे आकडे सव्वादोन आणि पावणेअकरा.

सुट्टी का लागते

या योजनेत सुरुवातीला मुलानं सकाळी दहाला उठायचं असतं. क्लास चालू असताना ते जमत नाही. म्हणून दिवाळीची किंवा मे महिन्याची सुट्टी धरायची. अडीच आठवडे हातात हवेत. दिवाळी मला जास्त आवडते, कारण मेमध्ये आपल्याकडं रात्री अकरालासुद्धा भिंती गरम असतात, आणि अंग थंड झाल्याशिवाय झोप लागत नाही. मेमध्ये करायचंच असेल तर गच्चीवर अंथरूण घाला, पण तेव्हा सहाच्या आतच लख्ख उजाडतं हे ध्यानात ठेवा. पहिल्या आठवड्यात तो उजेड चुकीच्या वेळी डोळ्यांवर येईल. उठायची वेळ सातच्या आसपास आली की मगच गच्चीवर जा.

हे कुटुंब सुट्टीला गावी गेलं. अंगण, शेत आणि दोन खोल्या. लातूरच्या एका खोलीपेक्षा काम सोपं झालं.

रोजचं वेळापत्रक

पहिल्या दोन दिवसांत उठायचं दहाला आणि झोपायचं रात्री दोनला. दोनच्या आधी अंथरुणावर जायचंच नाही. वडील म्हणाले, “म्हंजे आम्ही त्याला दोनपत्तुर जागवायचं?” हो. अंथरुणावर तळमळत पडायची सवय मोडायची तर डोळ्यांवर झापड आल्यावरच अंथरूण दिसलं पाहिजे.

दर दोन दिवसांनी दोन्ही वेळा अर्धा तास अलीकडं घ्यायच्या. साडेनऊ आणि दीड, मग नऊ आणि एक, मग साडेआठ आणि साडेबारा, असं करत सोळाव्या दिवशी साडेसहाला उठणं आणि साडेदहाला झोपणं. झोप कायम आठ तास राहते, म्हणजे मुलाला उपाशी ठेवल्यासारखं होत नाही. या वयाला आठ ते दहा तास लागतात. घडी बसली आणि तरीही दिवसा पेंग येत असेल, तर झोपायची वेळ हळूहळू आणखी अर्धा तास अलीकडं घ्या, उठायची वेळ तीच ठेवून.

यात उठायची वेळ ही खुंटी. झोप रात्री कधी लागेल ते मुलाच्या हातात नाही, उठणं आहे. रात्री तीनपर्यंत जागा राहिला तरी उठायचं ठरल्या वेळीच. त्या दिवशी तो चिडचिड करील, करू द्या. दुसऱ्या रात्री तीच कसर झोप लवकर आणते.

उठल्या-उठल्या पंधरा मिनिटांच्या आत घराबाहेर, अर्धा तास. सूर्याकडं बघायचं नाही, नुसतं उघड्यावर असायचं. हा मुलगा पहिल्या दिवशी उठून दहा वाजता ओसरीच्या आतल्या बाजूला खुर्ची टाकून बसला. ओसरीचा कोनाडा आपल्याला उजेडाचा वाटतो, पण ट्यूब लावलेल्या खोलीत शे-तीनशे लक्स उजेड असतो आणि बाहेर लिंबाच्या सावलीतसुद्धा त्याच्या कितीतरी पट. तो फरक डोळ्याला जाणवत नाही, मेंदूला जाणवतो. मग त्याला काम लावलं: वडिलांची न्याहारी घेऊन शेतात जायचं. हरभऱ्याची पेरणी चालली होती. चालत जायला बारा मिनिटं, यायला बारा, बांधावर थोडं बसणं. झाला अर्धा तास, आणि कुणाला “उन्हात बस” म्हणावं लागलं नाही.

फोनचं काय

इथं लोक दोन चुका करतात. एक, फोन काढून घेतात. दोन, स्क्रीन पिवळी करून निर्धास्त होतात.

स्क्रीनचा उजेड निर्दोष नाही, पण सगळं खापर त्याच्यावर फोडणंही बरोबर नाही. २०१४ साली अमेरिकेतला एक प्रयोग छापून आला. त्यात तरुण माणसांनी पाच संध्याकाळी चार-चार तास उजेडाच्या स्क्रीनवर पुस्तक वाचलं, आणि तेवढंच कागदी पुस्तक मंद दिव्यात वाचलं. स्क्रीनवाल्यांचं मेलाटोनिन उशिरा वाढलं हे खरं, पण झोप लागायला त्यांना सरासरी दहाच मिनिटं जास्त लागली. आपली पोरं दहा मिनिटं नाही, तीन तास गमावतात. ते तीन तास जातात संपत नसलेल्या गोष्टीमुळं. रील संपली की दुसरी आपोआप येते, गेममध्ये चौघं वाट बघत असतात, ग्रुपवर कुणीतरी काहीतरी टाकतं. पिवळ्या स्क्रीनवरही गेम तेवढाच रंगतो.

म्हणून फोन ठेवायची वेळसुद्धा वेळापत्रकाबरोबर सरकवली. झोपायच्या पाऊण तास आधी फोन खाली. म्हणजे पहिल्या दोन दिवशी मुलाला सव्वा वाजेपर्यंत फोन बघायची परवानगी होती. हे ऐकून पोरानं पहिल्यांदा माझ्याकडं मान वर करून बघितलं. नवव्या-दहाव्या दिवशी ती वेळ सव्वाअकरा झाली, शेवटी पावणेदहा. एकदम दहाला हिसकावलेला फोन पोरगं मित्राच्या जुन्या हँडसेटनं भरून काढतं, हे मी बऱ्याच घरांत पाहिलंय.

फोन ठेवायची जागा झोपायच्या खोलीबाहेर, एकच आणि सगळ्यांची. यांच्या घरी स्वयंपाकघरातल्या धान्याच्या कोठीवर चार्जर लावला. आईचा फोनही तिथंच. गजरासाठी साधं सेलवरचं घड्याळ आणलं, कारण “गजरासाठी फोन जवळ लागतो” ही पळवाट पहिल्याच रात्री निघते. हे घड्याळ उशाशी नको, चार पावलं लांब ठेवा.

अभ्यासाची अडचण मात्र खरी असते. क्लासच्या नोट्स पीडीएफमध्ये येतात, शंका ग्रुपवर विचारायच्या, चाचणीचा निरोप रात्री साडेअकराला पडतो. यावर आम्ही असं ठरवलं: स्क्रीन लागणारा अभ्यास आधी, कागदाचा नंतर. व्हिडिओ आणि पीडीएफ जेवणाआधी, उदाहरणं वहीत उतरवून घ्यायची, आणि जेवणानंतर फक्त वही-पेन. सकाळी उठल्यावर ग्रुप बघायचा. उशिरा आलेल्या निरोपानं काही अडलं का, याची नोंद मुलानंच ठेवली. अडीच आठवड्यांत एकदाही अडलं नाही, पण त्यात सुट्टी होती, हेही सांगायला हवं.

उरलेल्या पाऊण तासात काय? हा प्रश्न सोडून दिला तर योजना तिथंच फसते. मोठी ट्यूब बंद, एक मंद पिवळा दिवा. कोमट पाण्यानं अंघोळ, उद्याचे कपडे, मग बहिणीबरोबर पत्ते. पुस्तक वाचणाऱ्या मुलाला पुस्तक द्या, न वाचणाऱ्याला जबरदस्तीनं देऊ नका. डोक्यात काळजी घोळत असेल तर ती संध्याकाळी सातच्या सुमारास एका कागदावर उतरवायची, रात्री अंथरुणावर नाही.

अंथरुणावर पडून वीसेक मिनिटांत झोप लागली नाही असं वाटलं, तर उठून दुसऱ्या जागी मंद दिव्यात बसायचं, झापड आली की परत. अंथरुणावर अभ्यास नाही, जेवण नाही, फोन तर नाहीच. लातुरात एका खोलीत राहणाऱ्यांनी निदान दिवसा गादी गुंडाळून ठेवावी आणि अभ्यासाला सतरंजी वेगळी घ्यावी.

चहा आणि दुपारची झोप

चहातलं कॅफिन निम्मं उतरायलाच पाचेक तास लागतात. रात्री आठचा कडक चहा एक वाजताही अंगात असतो. दुपारी दोननंतर चहा बंद, कोल्ड्रिंक आणि एनर्जी ड्रिंकही. आई म्हणाली, “अभ्यासाला बसताना तेवढाच चहा मागतो हो.” तिला मी दूध द्यायला सांगितलं. तीन दिवस डोकं दुखलं, मग बंद झालं.

दुपारी झोपायचंच असेल तर तीनच्या आत, गजर लावून वीस मिनिटं. पाच ते सातची झोप ही रात्रीची झोप उधार घेतल्यासारखी, ती परत वसूल होते.

कुठं अडखळलो

नरक चतुर्दशी सातव्या दिवशी आली. वेळापत्रकाप्रमाणं मुलानं साडेआठला उठायचं होतं, आणि घरात पाचला उटणं-अभ्यंगस्नान. आजोबांचा मान होता, उठवावंच लागलं. पण मग फटाके, दिवे आणि पुढं उजाडता-उजाडता अंगणात किल्ला बघत बसणं, म्हणजे नको त्या वेळी भरपूर उजेड. मी आधीच सांगून ठेवलं होतं: अंघोळ, फराळ, नमस्कार झाला की आत अंधाऱ्या खोलीत परत आडवं व्हायचं, झोप लागो न लागो, आणि साडेआठला बाहेर. त्याला झोप लागली नाही. संध्याकाळी सहाला डोळे मिटायला लागले तेव्हा आईनं त्याला बाजारला पाठवलं. त्या रात्री साडेबाराऐवजी पावणेबाराला तो झोपला. दुसऱ्या दिवशी सगळ्यांना वाटलं, आता एकदम सहाला उठवू. तसं केलं नाही, साडेआठच ठेवलं. एका रात्रीच्या थकव्यानं लवकर लागलेली झोप म्हणजे घड्याळ सरकलं असं नव्हे.

दुसरा अडथळा दहाव्या दिवशी. रात्री बाराला झोपायचं होतं, पण लागोपाठ दोन रात्री पाऊण वाजेपर्यंत झोप येईना. अशा वेळी पुढं रेटायचं नाही, त्याच पायरीवर आणखी दोन दिवस थांबायचं. कारणही सापडलं: शेतात जायच्या ऐवजी दोन सकाळी तो मोटारसायकलवर गेला होता आणि चार मिनिटांत परत येऊन घरात बसला होता. चालणं पुन्हा सुरू झालं, तिसऱ्या रात्री सव्वाबाराला झोपला. सोळा दिवसांचे अठरा झाले.

योजना चालली आहे हे कशावरून ओळखायचं? झोपायच्या वेळेच्या थोडं आधी जांभया येतात, दिवा बंद केल्यावर वीस-तीस मिनिटांत झोप लागते, आणि काही दिवशी गजराच्या पाच-दहा मिनिटं आधीच जाग येते. ही तिसरी खूण सगळ्यात पक्की. नुसतं “लवकर उठला” ही खूण नाही, दमदाटीनं कुणीही उठतो.

सुट्टी मिळत नसेल तर

उठायची वेळ हलवता येत नाही, तेव्हा महिना-दीड महिना धरा. फोन ठेवायची आणि झोपायची वेळ दर तीन-चार दिवसांनी पंधरा मिनिटं अलीकडं, आणि रविवारची जाग दर आठवड्याला अर्धा तास अलीकडं. झोप फारच पुढं गेलेली असेल, तर पहिले आठवडाभर सकाळी क्लासला जाताना टोपी आणि काळा चष्मा घालू द्या, आणि ऊन दहाच्या सुट्टीत घ्यायला लावा. गाडी चालवणाऱ्यानं मात्र अंधारात काळा चष्मा घालू नये.

हे कुणासाठी नाही

मोठ्यानं घोरणं आणि झोपेत श्वास अडकणं, रात्री पायांत वळवळ होऊन ते हलवल्याशिवाय चैन न पडणं (मुलींमध्ये अशा वेळी रक्तातलं लोह तपासून घ्या), वेळेवर आठ-नऊ तास झोपूनही दिवसा आपोआप डोळे मिटणं, किंवा उलट दोन-तीन तास झोपून प्रचंड उत्साह असणं, यातलं काही असेल तर आधी डॉक्टर. फिट येणाऱ्या मुलाचं वेळापत्रक डॉक्टरांना विचारल्याशिवाय हलवू नका, जागरणानं फिट येऊ शकते. मूल उदास असेल, मित्र तोडत असेल, जगण्यात अर्थ नाही असं बोलत असेल, तर झोपेचा तक्ता बाजूला ठेवा आणि त्याच दिवशी मदत घ्या. टेलिमानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक मोफत आहे. मेलाटोनिनच्या गोळ्या आपल्या मनानं देऊ नका. त्यांचीही उजेडासारखीच वेळ असते, आणि झोपताना घेतलेली गोळी घड्याळ फारसं हलवत नाही.

लातुरात परतल्यावर

क्लास सुरू झाला तेव्हा साडेसहाची जाग बसलेली होती. रविवारला साडेसातची मुभा, त्यापुढं नाही, कारण दोन रविवार दहापर्यंत झोपलं की अठरा दिवसांची मेहनत घसरायला लागते. सकाळचं ऊन आता क्लासपर्यंतच्या चालत जाण्यात मिळतं, आईनं ऑटो बंद केला.

तुळशीचं लग्न झालं आणि लग्नसराई लागली. चुलत बहिणीच्या हळदीला पोरगा दीडला झोपला. दुसऱ्या दिवशी साडेसातला उठला, दुपारी मांडवात खुर्चीवर वीस मिनिटं डुलकी, रात्री पावणेअकराला झोपला. कॅलेंडरच्या पानावर त्यानं त्या दिवसापुढं लिहिलंय: “हळद. फोन नाही, डीजे.”